बाहेरची आरएच कमी म्हणून खिडक्या उघडल्या, आणि भिंतीला पाणी सुटलं

प्रश्न: तळघरातल्या खोलीत मीटर २० अंश आणि ८०% आरएच, म्हणजे सापेक्ष आर्द्रता, दाखवतो, बाहेर ३२ अंश आणि ५५% आहे. मग खिडक्या उघडल्या की खोली कोरडी व्हायला हवी ना? दवबिंदू, आरएच आणि वेट बल्ब यांतलं नेमकं काय बघायचं, आणि सायक्रोमेट्रिक चार्टवर ते कसं वाचायचं?

नाही, उलट होईल. खोली आणखी ओली होईल.

नेमक्या याच गोष्टीवर मी इतक्या जणांशी वाद घातलाय की थोडं तिखट लिहिलं गेलं तर समजून घ्या. आरएच म्हणजे हवेत पाणी किती आहे याचं माप नाही. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढं बाष्प राहू शकतं, त्याच्या किती टक्के सध्या आहे, एवढंच तो आकडा सांगतो. तापमान बदललं की टक्क्याचा पायाच बदलतो. त्यामुळे दोन वेगळ्या तापमानांच्या हवांची आरएच शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे एकाचे पैकीच्या पैकी आणि दुसऱ्याचे निम्मे गुण बघून, पेपर किती गुणांचा होता हे न विचारता निकाल लावणं.

तुमचेच आकडे चार्टवर मांडू. आडव्या अक्षावर साधं, म्हणजे ड्राय बल्ब तापमान असतं. उजवीकडच्या उभ्या अक्षावर एक किलो कोरड्या हवेमागे किती ग्रॅम बाष्प आहे ते. डावीकडून वर चढत जाणारी सगळ्यात बाहेरची वक्ररेषा १००% आरएचची, तिला संपृक्त रेषा म्हणू. तिच्या आतल्या वक्ररेषा ९०, ८०, ७० अशा उतरत जातात.

खालच्या अक्षावर ३२ वर बोट ठेवा आणि सरळ वर जा. ५० आणि ६० च्या वक्ररेषांच्या साधारण मध्यावर थांबा, तो तुमचा बाहेरचा बिंदू. तिथून आडवं उजवीकडे गेलात तर साधारण १६.५ ग्रॅम मिळतील. त्याच बिंदूपासून आडवं डावीकडे संपृक्त रेषेपर्यंत गेलात तर २१.८ अंश, तो दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानापर्यंत थंड झाली की या हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते. आता आतला बिंदू: २० वरून वर जा, ८०% ची वक्ररेषा गाठा. उजवीकडे ११.७ ग्रॅम, डावीकडे १६.४ अंश.

म्हणजे ५५% वाल्या बाहेरच्या हवेत प्रत्येक किलोमागे ८०% वाल्या आतल्या हवेपेक्षा जवळजवळ पाच ग्रॅम पाणी जास्त आहे. २० अंशांना हवेत जास्तीत जास्त १४.७ ग्रॅम बाष्प मावतं. बाहेरची हवा आत येऊन २० अंशांपर्यंत थंड झाली, तर तिच्यातलं सगळं बाष्प तिच्यात राहूच शकत नाही. उरलेलं कुठे तरी पाणी होऊन बसणार, आणि ते सगळ्यात थंड जागी बसतं.

ती जागा म्हणजे मातीला टेकलेली भिंत. समजा तिचं तापमान १९ अंश आहे. बाहेरच्या हवेचा दवबिंदू २१.८, म्हणजे भिंत दवबिंदूच्या जवळपास तीन अंश खाली. १९ अंशांना हवेत १३.८ ग्रॅम मावतात, म्हणून भिंतीला लागून थंड होणारी प्रत्येक किलो हवा २.७ ग्रॅमपर्यंत पाणी भिंतीवर ठेवून जाते. खोली १०० घनमीटरची धरली आणि तासाला दोनदा हवा बदलते असं धरलं, तर तासाला सुमारे २२५ किलो हवा आत येते. ती सगळी भिंतीइतकी थंड झाली तर तासाला ६०० ग्रॅम, सहा तासांत साडेतीन लिटरच्या वर. प्रत्यक्षात सगळी हवा भिंतीला लागत नाही, त्यामुळे हा आकडा वरची मर्यादा समजा. पण त्याच्या चौथाई पाणीसुद्धा भिंत चमकवायला पुरेसं असतं.

आता ज्या प्रकरणावरून हा वाद सुरू झाला ते सांगतो. जुनी कागदपत्रं ठेवलेली तळघरातली खोली, तुमच्या आकड्यांसारखीच परिस्थिती. देखभाल बघणाऱ्या गृहस्थांचा ठाम नियम होता: बाहेरची आरएच आतल्यापेक्षा कमी असेल तर सकाळी नऊला खिडक्या उघडायच्या, संध्याकाळी सहाला लावायच्या. मीटर खिडकीच्या चौकटीलाच टांगलेला. खिडकी उघडल्यावर तो ८० वरून ६० वर यायचा, आणि ते म्हणायचे, बघा, सुकतंय! सुकत काहीच नव्हतं. मीटर खिडकीतून येणारी गरम हवा मोजत होता आणि गरम हवेची आरएच कमी दिसतेच. तोच मीटर खोलीच्या मागच्या टोकाला जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवला, तर संध्याकाळी २२ अंश आणि ९०%. चार्टवर याचा दवबिंदू २०.३ येतो. सकाळी तो १६.४ होता. दिवसभराच्या ‘सुकवण्या’ने दवबिंदू चार अंश वर गेला आणि भिंतीच्या तापमानाला ओलांडून गेला. लोखंडी मांडणीच्या खालच्या कडांना गंज, सगळ्यात खालच्या कप्प्यातल्या फायलींच्या कडा वळलेल्या, आणि भिंतीवर खालच्या दोन फुटांत पाण्याचे थेंब.

निष्कर्ष काय काढला गेला? वॉटरप्रूफिंग फुटलंय. मग आतून वॉटरप्रूफ रंग मारला. पुढच्या दमट आठवड्यात थेंब त्या रंगाच्या वर बसले. पाणी भिंतीतून येतच नव्हतं, तर रंग काय अडवणार?

एक गोष्ट मात्र त्या गृहस्थांची बरोबर होती: खोली सकाळीसुद्धा ठीक नव्हती. दवबिंदू १६.४ असलेली हवा १९ अंशांच्या भिंतीला लागली की भिंतीलगत आरएच ८५% होते. थेंब दिसत नाहीत, पण पृष्ठभागाशी आरएच सतत ८० च्या वर राहिली की बुरशीला तेवढं पुरतं. रोग खरा होता, औषध चुकलं होतं.

तेव्हा नियम असा. खिडकी उघडायची की नाही हे दवबिंदूवरून ठरवा. बाहेरचा दवबिंदू आतल्या दवबिंदूपेक्षा कमी असेल तरच उघडा, आणि तो भिंतीच्या तापमानाच्या दोन-तीन अंश खाली असेल तर निर्धास्त उघडा. रात्री गारवा आला म्हणून भुलू नका. तीच ३२ अंशांची हवा रात्री २४ वर आली तर तिची आरएच ८८% दिसेल, पण दवबिंदू २१.८ चा २१.८ च. पाण्याचा थेंबही वाढला नाही की कमी झाला नाही. उलट हवा बदलून २४ अंश आणि ५५% झाली, तर दवबिंदू १४.४ येतो. तेव्हा सगळ्या खिडक्या उघडा आणि पंखा लावा. आकडा ५५% दोन्ही वेळा तोच होता, हे ध्यानात घ्या.

चार्ट हाताशी नसेल तर हे सूत्र रोजच्या कामाला पुरतं. T सेल्सिअसमध्ये, RH टक्क्यांत:

```
g  = ln(RH/100) + 17.62*T/(243.12 + T)
Td = 243.12*g/(17.62 - g)
```

वेट बल्बचं म्हणाल तर तुमच्या खिडकीच्या निर्णयाशी त्याचा थेट संबंध नाही. ओलं सुती फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरवरून वारा गेला की बाष्पीभवनाने तो जिथपर्यंत उतरतो, ते वेट बल्ब तापमान. चार्टवर तुमच्या बिंदूपासून तिरक्या रेषेने डावीकडे वर संपृक्त रेषेपर्यंत जायचं. बाहेरचा वेट बल्ब २४.६ येतो, आतला १७.७. पाण्यावर चालणारा कूलर हवेला वेट बल्बच्या खाली कधीच नेऊ शकत नाही, तिथे हा आकडा लागतो. आडवी रेषा दवबिंदूची, तिरकी वेट बल्बची. यांची अदलाबदल करणारे निम्मे लोक आहेत. संपृक्त रेषेवर तिन्ही तापमानं एकच होतात, त्याच्या उजवीकडे दवबिंदू नेहमी सगळ्यात खाली आणि वेट बल्ब मध्ये. तुमच्या आकड्यांत हा क्रम लागला नाही, तर वाचण्यात चूक आहे.

पण मीटरवर भरवसा नसेल तर वेट बल्बच कामाला येतो. हाताने फिरवायचा सायक्रोमीटर, म्हणजे एक ओला आणि एक कोरडा थर्मामीटर शेजारी बसवलेलं साधन, घ्या, फडकं स्वच्छ आणि पाणी डिस्टिल्ड. अर्धा मिनिट जोरात फिरवा, थांबल्याबरोबर आधी ओला थर्मामीटर वाचा, मग कोरडा. पुन्हा फिरवा, ओल्याचा आकडा आणखी उतरेनासा होईपर्यंत. मळलेलं फडकं, क्षारांचं पाणी किंवा सुस्त फिरवणं, या सगळ्यांनी वेट बल्ब वरच राहतो आणि हवा आहे त्यापेक्षा दमट दिसते. २४.६ ऐवजी २५.६ वाचलं तर आरएच ५५ ऐवजी ६० येते आणि दवबिंदू २१.८ ऐवजी २३.३. एका अंशाची चूक दवबिंदूत दीड अंश होऊन बाहेर पडते.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. बहुतेक छापील चार्ट समुद्रसपाटीच्या दाबाचे असतात. उंचावर असाल तर तापमान आणि आरएचवरून काढलेला दवबिंदू तोच राहतो, पण ग्रॅमचे आकडे आणि वेट बल्बच्या रेषा बदलतात, तेव्हा त्या उंचीचा चार्ट घ्या. आणि तापमान उभ्या अक्षावर असलेला चार्ट हातात आला तर तो मोलिए पद्धतीचा आहे. त्यात वर सांगितलेल्या दिशा लागू होत नाहीत, दवबिंदूसाठी आडवं न जाता सरळ खाली उतरावं लागतं.

तुमच्या भिंतीचं पाणी हवेतलंच आहे हे मी गृहीत धरलंय. खात्री करायची तर फूटभर चौरस प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला आले तर पाणी हवेतलं: खिडक्या बंद ठेवा, डीह्युमिडिफायर लावा, आणि त्याचा मीटर मागच्या भिंतीजवळ ठेवा. थेंब प्लास्टिकच्या मागे आले तर पाणी भिंतीतून येतंय, आणि मग रंगवाल्या गृहस्थांचं निदान तुमच्या बाबतीत खरं ठरेल. रंग आतून मारायचा का, हा वेगळा वाद आहे.