नाव बजाज, पण घर कुठलं? प्रवर्तकांच्या यादीवरून ग्रुप कसा ओळखायचा

प्रश्न: बाबांच्या डीमॅटमध्ये बजाज ऑटो, फिनसर्व्ह, फायनान्स, बजाज हिंदुस्थान शुगर आणि बजाज कन्झ्युमर केअर आहेत, शिवाय थोडे महाराष्ट्र स्कूटर्स. हे सगळे एकाच ग्रुपचे का? नेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळी यादी दिसते. खात्री कशी करायची?

उत्तर:

सहापैकी चार एका घरातल्या आहेत, दोन दुसऱ्या. आणि नावात बजाज नसलेली महाराष्ट्र स्कूटर्स त्या चारांत येते. नेटवरच्या याद्या बहुतेक नावावरून केलेल्या असतात, म्हणून त्या जुळत नाहीत. नाव, लोगो, पत्ता हे सगळे माग आहेत. पुरावा एकच, प्रवर्तकांची यादी, म्हणजे कंपनीवर ताबा असलेल्या मालकांची आणि त्यांच्या गटाची.

ती यादी कंपनी स्वतःच दर तिमाहीला शेअर बाजाराकडे देते, तिमाही संपल्यापासून 21 दिवसांत. बीएसईच्या साइटवर कंपनीच्या पानावर Shareholding Pattern उघडा. त्यातला दुसरा तक्ता प्रवर्तक आणि प्रवर्तक गटाचा. आधी व्यक्तींची नावं येतात, मग ट्रस्ट आणि कंपन्या. माझी सवय अशी की व्यक्ती सोडून थेट खाली यायचं आणि तिथे कोणकोणत्या कंपन्या भागधारक आहेत ते कागदावर उतरवायचं. मग दुसऱ्या कंपनीचा तोच तक्ता शेजारी उघडायचा.

बजाज ऑटोच्या तक्त्यात सगळ्यात मोठी ओळ बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंटची, ढोबळ एक तृतीयांश भागभांडवल. खाली जमनालाल सन्स ही कुटुंबाची खाजगी कंपनी, आणि आणखी खाली दोन-अडीच टक्क्यांची एक ओळ, महाराष्ट्र स्कूटर्स. आता फिनसर्व्हचा तक्ता उघडा. तीच तीन नावं, फक्त टक्के वेगळे. दोन याद्यांत तीच मोठी नावं प्रवर्तक म्हणून आली की धागा पक्का. तिसरं पान उघडा, महाराष्ट्र स्कूटर्सचं: तिथे बजाज होल्डिंग्ज 51 टक्क्यांवर. ही कंपनी 1975 मध्ये पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून काढली, कारखाना साताऱ्याला. महामंडळाचे 27 टक्के आणि बजाजचे 24. किमतीवरून वर्षानुवर्षं वाद चालला, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर महामंडळाचा वाटा बजाज होल्डिंग्जकडे आला. 27 अधिक 24, म्हणून 51. आज तिची खरी किंमत तिच्याकडे असलेल्या ग्रुपच्या शेअर्समध्येच आहे.

आता बजाज हिंदुस्थान शुगर. तक्ता उघडलात तर बजाज आडनाव भरपूर दिसेल, पण ती शिशिर आणि कुशाग्र बजाज यांची बाजू आहे. बजाज होल्डिंग्ज तिथे प्रवर्तक म्हणून नाही. 2008 मध्ये कौटुंबिक वाटणी झाली आणि साखरेचा व केसांच्या तेलाचा व्यवसाय त्या शाखेकडे गेला. कन्झ्युमर केअरही तिकडचीच. आजोबा-पणजोबा एक, ब्रँडचं नावही एक, पण मालकी आणि निर्णय वेगळे. साखर कारखान्याच्या कर्जाची बातमी वाचून बजाज ऑटोचे शेअर विकणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून हे इतकं सविस्तर लिहितोय. नागपूरची बजाज स्टील इंडस्ट्रीज तर मुळातच वेगळ्या बजाजांची. उलट पूर्वी हर्क्युलस होइस्ट्स नावाने ओळखली जाणारी कंपनी किंवा बजाज इलेक्ट्रिकल्समधून 2023 मध्ये वेगळी झालेली बाजेल प्रोजेक्ट्स, यांच्या नावावरून सरळ काहीच कळत नाही, आणि त्या मात्र बजाज ऑटोच्याच घरातल्या.

नावाचा आणखी एक घोळ सांगून ठेवतो, कारण जुन्या सर्टिफिकेटवर तो भेटतो. 2007-08 च्या विभाजनात मूळची 1945 ची कंपनी बजाज होल्डिंग्ज झाली आणि 2007 मध्ये नोंदलेली नवी कंपनी बजाज ऑटो. म्हणजे आजच्या बजाज ऑटोच्या नोंदणी क्रमांकात वर्ष 2007 आहे! कंपनीच्या 21 अक्षरी क्रमांकात राज्याच्या दोन अक्षरांनंतर स्थापनेचं वर्ष असतं, ते बघितलं की कुठली कंपनी जुनी आणि कुठली नुसती नावाची वारस, हे कळतं.

यादी वाचताना दोन ठिकाणी चूक होते. पहिली, शून्य शेअर असलेल्या ओळी. प्रवर्तकाचे जोडीदार, आई-वडील, भावंडं, मुलं यांना सेबीच्या व्याख्येप्रमाणे गटात दाखवावंच लागतं, आणि प्रवर्तकाचा 20 टक्के किंवा जास्त वाटा असलेल्या कंपन्यांनाही. तेव्हा यादीत नाव आहे म्हणजे ती व्यक्ती कंपनी चालवते, असं होत नाही. वाटणी होऊनही नात्यामुळे नाव तिथेच राहिलेलं असू शकतं, कारण प्रवर्तक वर्गातून बाहेर पडायला वेगळा अर्ज आणि मंजुरी लागते. दुसरी चूक, स्वतंत्र संचालक. एकच माणूस दोन कंपन्यांच्या मंडळावर दिसला म्हणून त्या एका ग्रुपच्या होत नाहीत. तो स्वतंत्र संचालक आहे की प्रवर्तक कुटुंबातला, हे आधी बघा. एलआयसी दोन्हीकडे आहे, यालाही काही अर्थ नाही, ती सार्वजनिक भागधारक आहे.

आता बाबांच्या पैशांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं: साखळी. 2024 मध्ये बजाज हाउसिंग फायनान्स लिस्ट झाली तेव्हाचे ढोबळ आकडे घेऊ. बजाज होल्डिंग्जकडे फिनसर्व्हचे सुमारे 39 टक्के, फिनसर्व्हकडे बजाज फायनान्सचे 51, फायनान्सकडे हाउसिंगचे जवळपास 89. गुणाकार करा: 0.39 × 0.51 × 0.89, म्हणजे साधारण 0.18. हाउसिंगच्या 100 रुपये नफ्यात या साखळीतून बजाज होल्डिंग्जचा वाटा 18 रुपयांचा. पण हाउसिंगचं नियंत्रण 89 टक्केवाल्याकडे, त्याचं नियंत्रण 51 टक्केवाल्याकडे, आणि फिनसर्व्हमध्ये बजाज होल्डिंग्जच्या 39 मध्ये जमनालाल सन्स आणि इतर प्रवर्तकांचे शेअर मिळवले की निम्म्याच्या वर जातं. पैशातला वाटा 18, अधिकार पूर्ण. ग्रुप ओळखताना हे दोन आकडे वेगळे ठेवा.

जमनालाल सन्ससारखी खाजगी कंपनी कोणाची, हे शेअर बाजारावर मिळत नाही. त्यासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर 100 रुपये भरून तिचं वार्षिक विवरणपत्र MGT-7 बघता येतं, त्यात भागधारकांची यादी जोडलेली असते. धागा ट्रस्टपर्यंत गेला की मात्र बाहेरून फारसं दिसत नाही. शेअरहोल्डिंग पॅटर्नच्या शेवटी अंतिम लाभार्थी मालकांचा तक्ता असतो, तेवढाच आधार.

तुमच्या बाबांचं बोलायचं तर फिनसर्व्ह आणि फायनान्स ही दोन वेगळी घोडी नाहीत. फिनसर्व्हच्या किमतीचा मोठा भाग फायनान्सच आहे, आणि महाराष्ट्र स्कूटर्सकडे दोन्हींचे शेअर आहेत. फायनान्सच्या वाईट निकालाच्या दिवशी तिन्ही एकदम खाली येतील. तिन्हींची किंमत एकत्र करून पोर्टफोलिओचा किती टक्के होते ते काढा. साखर आणि तेल वेगळ्या रकान्यात घाला.