सकाळी रस्त्याने चालतानाच ऑफिसचे कॉल घ्यावे लागतात. बोन कंडक्शन हेडफोन घेऊ की साधे इन-इयर? गाण्यांच्या आवाजात फार फरक पडतो का?

माझ्याकडे दोन्ही आहेत आणि दोन्ही वापरात आहेत. तुम्ही रस्त्याने चालता म्हणून बोन कंडक्शन घ्या असंच सांगेन, पण त्याची एक खोड आधी समजून घ्या.

हे हेडफोन कानात जात नाहीत. कानाच्या पुढे, गालाच्या हाडाजवळ टेकतात आणि त्यांची थरथर हाडातून आतल्या कानापर्यंत पोचते. कानाचं भोक मोकळंच राहतं, त्यामुळे मागून रिक्षा येतेय हे कळतं आणि कुठल्या बाजूने येतेय तेही कळतं. काही इन-इयरमध्ये बाहेरचं ऐकवणारा ट्रान्सपरन्सी मोड असतो, पण तो बाहेरचा आवाज माइकमधून कानात सोडतो. वारा सुटला की नुसती फरफर ऐकू येते.

आता खोड. शेजारून बस गेली की कॉलवरच्या माणसाचं अर्धं वाक्य बुडतं. आवाज पूर्ण वाढवला की गालाला गुदगुल्या होतात, आणि वाक्य तरीही नीट कळत नाही, कारण बसची घरघर उघड्या कानातून थेट येत असते. अशा वेळी मी थांबतो, रस्त्याच्या कडेला होतो आणि दोन्ही कानांत बोटं घालतो. बाहेरचा गोंगाट कमी होतो आणि बोलणं एकदम भरदार होतं. लोक बघतात, बघू देत. दुकानात हे करून बघाच, म्हणजे हाडातून ऐकणं काय असतं ते लगेच कळेल.

समोरच्याला तुमचं बोलणं कसं ऐकू जातं, हा मात्र वेगळा मामला. बहुतेक मॉडेलांत माइक साधाच, हवेतला आवाज पकडणारा असतो, त्यामुळे तो चांगला की वाईट हे मॉडेलवर ठरतं. घेण्याआधी दुकानाबाहेर, रस्त्यालगत उभं राहून घरी एक कॉल लावा आणि ऐकणाऱ्यालाच विचारा.

शांत गल्लीत किंवा टेकडीवर लांब कॉलसाठी मला हेच आवडतात. इन-इयरने कान बुजले की स्वतःचा आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो, इथे तसं होत नाही. फोनवरच्या बोलण्यात खर्जाला फारसं कामही नसतं, म्हणून कॉलवर यांचा आवाज उणा वाटत नाही.

गाण्यात फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. तबला लावून बघा: चाट टणटणीत ऐकू येते, पण डग्ग्याचा घुमारा पार पातळ होतो. खालच्या सुरांसाठी जितकी मोठी थरथर लागते, तितकी गालावर सोसवत नाही. इन-इयर कानात घट्ट बसले की तोच घुमारा परत मिळतो. म्हणून गाणी ऐकायची असली की मी घरी आल्यावर इन-इयर लावतो.

चष्मा असेल तर तो घालूनच हेडफोन लावून बघा. काडी मध्ये आली की पट्टा सरकतो आणि आवाज लगेच बारीक होतो. माझा पहिला जोड याच कारणाने भावाकडे गेला.