दूध बंद केलं, तरी काटा वरच

"मॅडम, दुधाने वजन वाढतं म्हणून महिनाभर रात्रीचं दूध बंद केलं. प्रोटीन कमी पडू नये म्हणून पनीर सुरू केलं. तरी सहाशे ग्रॅम वाढलंच. आता दही पण सोडू का?"

दही सोडू नका आणि दूधही परत घ्या. कमी करायचं ते पनीर.

प्रश्न विचारणाऱ्या ताई पंचेचाळिशीच्या, दिवसभर बसून काम करणाऱ्या. त्यांना मी आधी रात्रीच्या ताटाचा हिशेब मांडायला लावला. पूर्वी त्या दोन पोळ्या आणि भाजी खायच्या. झोपताना अडीचशे मिली टोन्ड दूध प्यायच्या, बिनसाखरेचं. दुधाचे साधारण १५० कॅलरी, तेल लावलेल्या दोन पोळ्यांचे साधारण २००. हे दोन्ही त्यांनी काढलं आणि भाजीसोबत डेअरीतून आणलेलं सुटं पनीर सुरू केलं, दोन चमचे तेलावर परतून. किती, असं विचारल्यावर म्हणाल्या, "थोडंसंच." मी त्यांना घरी वजनकाट्यावर ठेवून बघायला सांगितलं. ते 'थोडंसं' १५० ग्रॅम निघालं. म्हणजे पनीरचे सव्वाचारशेच्या आसपास आणि तेलाचे ९०. साडेतीनशे काढून पाचशेच्या वर घातले, तेही रोज. महिन्याला पाच हजारांच्या घरात जास्तीच्या कॅलरी झाल्या, आणि अर्धा-पाऊण किलो वाढायला तेवढ्या पुरतात. सहाशेतलं थोडं अंगात साठलेलं पाणीही असू शकतं, पण दिशा कळायला एवढं पुरेसं होतं.

पनीर असं जड का, हे दूध फाडताना कळतं. टोन्ड दुधात ३ टक्के फॅट असते. एक लिटर दूध लिंबू पिळून फाडलं की दीडशे ग्रॅमच्या आसपास पनीर मिळतं. लिटरभरातली बहुतेक फॅट आणि बरंचसं प्रोटीन त्या गोळ्यात उतरतं, दुधातली साखर मात्र बरीचशी निवळीबरोबर जाते. म्हणून घरच्या टोन्ड दुधाच्या पनीरला १०० ग्रॅममागे अडीचशेच्या आसपास कॅलरी पडतात. डेअरीतलं पनीर बहुधा जास्त फॅटच्या दुधाचं असतं, तिथे हाच आकडा तीनशेकडे जातो. सुट्या पनीरवर लेबल नसतं, त्यामुळे मी ते वरच्याच आकड्याने धरते. (ती निवळी कणकेत किंवा आमटीत जरूर घाला, पण तिलाही पाण्यासारखी शून्य धरू नका, साखर तिच्यातच आहे.)

दह्याबद्दल उलटा गैरसमज असतो, की ते हलकं, म्हणून कितीही चालतं. विरजणातले जिवाणू दुधातल्या थोड्या साखरेचं आम्ल करतात. पोटाला ते सोसतं, पण कॅलरी जवळपास दुधाएवढ्याच राहतात. टोन्ड दूध असो की त्याचं दही, १०० ग्रॅमला साठच्या आसपास धरायचं. म्हणून मी त्यांना एकच बदली लिहून दिली: २०० मिली दूध, तेवढंच दही किंवा ४० ते ५० ग्रॅम पनीर, या तिघांच्या कॅलरी सारख्याच, साधारण १२०. प्रोटीन पनीरमध्ये थोडं जास्त मिळतं, पोट भरल्यासारखं मात्र दह्याने वाटतं. शंभर ग्रॅम दह्याचं पेलाभर ताक होतं, जिरंपूड घालून.

दुधाने वजन उतरतं का, हेही त्यांनी विचारलंच. नुसतं दूध वाढवून उतरत नाही. एकूण कॅलरी कमी केलेल्या आहारात दुधाचे पदार्थ ठेवले तर चरबी किंचित जास्त उतरल्याचं काही प्रयोगांत दिसलं आहे, पण फरक लहान आहे. खरा फायदा, प्रोटीन मिळतं आणि भूक आवरते.

त्यांचा आहार १४०० कॅलरींचा ठरवला. दोन चहांना मिळून १५० मिली टोन्ड दूध, साखर नाही. दुपारी ज्वारीची भाकरी, भाजी, आमटी आणि १५० ग्रॅम दही. रात्री आठवड्यातून तीन दिवस ५० ग्रॅम पनीरची भुर्जी, कांदा-टोमॅटो भरपूर, तेल एक चमचा, सोबत एक पोळी. बाकीच्या दिवशी मुगाची उसळ. झोपताना दूध हवंच असेल, तर त्या दिवशीचं दही किंवा पनीर वगळायचं.

पहिल्याच आठवड्यात गडबड झाली ती वाटीची. त्यांच्या स्टीलच्या वाटीत काठोकाठ दही अडीचशे ग्रॅम मावायचं. वजन करून वाटीच्या आत खुणेची रेघ ओढून घ्यायला सांगितली. दोन महिन्यांत अडीच किलो उतरलं. दुधाने गॅस होत असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, तर हे माप तुमच्या डॉक्टरांना विचारून बदलावं लागेल. श्रीखंड आणि फळांचं गोड दही मात्र या हिशेबात धरलेलं नाही. त्यात साखर इतकी असते की ती गोडाच्याच खात्यात टाकावी लागते.