रात्रीत वाढत गेलेला मेसेज

"रागाच्या भरात एक लांबलचक मेसेज लिहिलाय, अजून पाठवला नाहीये. मैत्रीण म्हणते पाठवून टाक, मनात ठेवू नकोस. नवरा म्हणतो सकाळपर्यंत थांब. बहीण म्हणते एवढं कोण वाचणार, दोन ओळीत सांग. तिघांचंही पटतं आणि बोट मात्र सेंडवर जाऊन परत येतं. काय करू?"

माझ्याकडे आलेल्या एका बाईंची केस सांगते, त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. बाई चाळिशीच्या, नोकरी करणाऱ्या, आई त्यांच्याकडेच राहते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मोठा भाऊ दुसऱ्या शहरात. एका रात्री साडेअकराला फॅमिली ग्रुपवर दादाचा मेसेज आला, 'आईची नीट काळजी घ्या सगळ्यांनी' आणि पुढे जोडलेल्या हातांचा इमोजी. दिवसभर ऑफिस, मग आईला धरून बाथरूमपर्यंत नेणं, औषधं, आणि वर हे! बाईंनी तिथेच बसून दादाला वेगळा मेसेज लिहायला घेतला तो चार स्क्रीन झाला तरी संपेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या माझ्यासमोर बसल्या तेव्हा तो अजून गेलेला नव्हता. म्हणाल्या, "मी थांबले ना, रात्र जाऊ दिली, तरी राग तेवढाच आहे, उलट जास्तच आहे." मी विचारलं, रात्रभर केलंत काय? तर मेसेज परत परत वाचला. दोन वाजता उठून त्यात वडिलांच्या आजारपणात दादा कसा उशिरा आला ते घातलं. सकाळी चहा होता होता वहिनीबद्दलची एक ओळ घातली. म्हणजे रात्र गेली पण ड्राफ्ट थंड झाला नाही, वाढला.

ही गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. नुसता वेळ गेल्याने राग उतरत नाही, त्या वेळात आपण त्याच माणसाबद्दल तेच तेच घोळवत बसलो तर तो पेटताच राहतो. ब्रॅड बुशमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००२ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. सुमारे ६०० विद्यार्थ्यांना त्यांच्या निबंधावर खवचट शेरे देऊन आधी चिडवलं, मग काहींना पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावलं आणि मारताना ज्याने शेरे दिले त्याचाच विचार करा म्हणून सांगितलं, काहींना व्यायाम म्हणून मारा म्हटलं आणि काहींना नुसतं शांत बसवलं. 'राग बाहेर काढला की मोकळं वाटतं' हे खरं असतं तर पहिला गट सगळ्यात शांत व्हायला हवा होता ना, पण तोच सगळ्यात जास्त चिडलेला निघाला, आणि काहीच न करता बसलेल्यांचा राग सगळ्यात कमी होता. आमच्या बाईंनी दोन वाजता उठून केलं ते ठोसे मारण्यासारखंच होतं, फक्त हातात फोन होता.

म्हणून 'सकाळपर्यंत थांबा' हा सल्ला मी अर्धवट देत नाही. थांबायचं म्हणजे ड्राफ्ट चॅटच्या बॉक्समधून काढून नोट्समध्ये टाकायचा, तिथे चुकून पाठवला जायची भीती नाही (आणि पाठवून मग डिलीट केला तरी 'मेसेज डिलीट केला' ही ओळ समोरच्याला दिसतेच, मग त्याच्या डोक्यात तुमच्या मेसेजपेक्षा वाईट काहीतरी तयार होतं). मग तो उघडायचाच नाही, आणि कुणाला फोन करून वाचूनही दाखवायचा नाही, कारण ऐकणारी मैत्रीण आपलीच असते, ती अजून दोन मुद्दे आठवून देते. सकाळी तोंड धुवून, काहीतरी खाऊन मग एकदाच वाचायचा. वाचताना हात आपोआप काही ओळी खोडायला गेला तर राग उतरतोय असं समजा. भर घालावीशी वाटली तर उतरलेला नाही, अजून पाठवायची वेळ नाही.

आता बाईंचा ड्राफ्ट. तो मी त्यांनाच मोठ्याने वाचायला लावला आणि मग कागदावर उतरवून तीन रंगांच्या पेनांनी खुणा करायला सांगितल्या. जे घडलं, कुणी कॅमेरा लावला असता तर दिसलं असतं, ते निळं. दादाच्या मनात काय असेल याबद्दलचे आपले अंदाज लाल. आणि त्याने काय करावं असं आपल्याला वाटतं ते हिरवं. कागद जवळपास लालच झाला. 'तुला आईचं काही पडलेलंच नाही', 'तुला वाटतं मी मोकळीच आहे', 'तू फक्त लोकांना दाखवायला लिहितोस'. निळं होतं पण मधे मधे अडकलेलं. आणि हिरवी ओळ एकच सापडली, तिसऱ्या स्क्रीनच्या मध्यावर, तीसुद्धा टोमण्यात गुंडाळलेली: 'सोमवारपासून फिजिओथेरपिस्ट येणार आहे आणि माझी सुट्टी संपली, पण तुला काय त्याचं.'

बाई स्वतःच थबकल्या. चार स्क्रीनमध्ये दादाकडे सरळ मागितलेलं काहीच नव्हतं!

मग मी विचारलं, हे सगळं जसंच्या तसं गेलं तर दादा कुठल्या ओळीला उत्तर देईल? त्यांना क्षणभरही लागला नाही. 'तीन वर्षांत एकदाही आला नाहीस' असं त्यांनी लिहिलं होतं, आणि दादा मागच्या वर्षी दोन दिवस येऊन गेला होता. तो तेवढंच पकडणार, तिकिटाचा फोटो टाकणार, आणि मग भांडण त्या दोन दिवसांवर होणार. माझ्या अनुभवात रागाच्या लांब मेसेजचं बहुतेक वेळा हेच होतं, समोरचा त्यातल्या सगळ्यात खऱ्या वाक्याला उत्तर देत नाही, सगळ्यात कच्च्या वाक्याला देतो, कारण तिथे तो जिंकू शकतो. मेसेज जितका लांब तितकी अशी कच्ची वाक्यं जास्त, आणि 'नेहमी', 'कधीच', 'एकदाही' आलं की तिथे एक असणारच. वहिनीवरची ओळ तर त्याहून वाईट, कारण त्या ओळीने मुद्दाच बदलतो, आईचं राहतं बाजूला आणि दादा बायकोची बाजू घ्यायला उभा राहतो.

मग ठरवायचं कसं? मी दोनच गोष्टी बघते. एक, उशीर झाला तर काही बिघडणार आहे का, आणि दोन, ड्राफ्टमध्ये हिरवी ओळ आहे का. बिघडणार असेल तर तेवढा निळा आणि हिरवा भाग आत्ताच पाठवा, बाकीचा ठेवा. घाई नसेल आणि हिरवं सापडतच नसेल तर आपल्यालाच अजून कळलेलं नाहीये काय हवंय ते, तिथे रात्र जाऊ देणं बरोबर. आणि हिरवी ओळ आहे पण लाल ढिगाखाली आहे, तिथे कापायचं, आणि कापायचं म्हणजे शब्द गोड करायचे नाहीत, वाक्यंच्या वाक्यं काढायची. बाईंची केस तिसरी होती. सोमवार चार दिवसांवर होता, त्यामुळे अजून आठवडाभर शांत व्हायला त्यांच्याकडे वेळही नव्हता. शेवटी उरलं ते हे:

'दादा, सोमवारपासून आईचा फिजिओ सुरू होतोय, रोज सकाळी ११ वाजता, दोन आठवडे. माझी सुट्टी संपलीये, त्या वेळी घरी कुणीतरी लागेल. पहिला आठवडा तू येऊ शकशील का? जमत नसेल तर दिवसा एक बाई ठेवू, खर्च अर्धा अर्धा करू. मला उद्या रात्रीपर्यंत सांग. गेला महिना मी एकटीने केलंय आणि मी खूप थकलेय.'

शेवटचं वाक्य मी मुद्दाम ठेवायला लावलं. बाई ते काढत होत्या, म्हणे त्याला कशाला दाखवू. पण कापताना लोक नेमकी हीच चूक करतात, आरोपांबरोबर स्वतःची अवस्थाही काढून टाकतात आणि मग मेसेज ऑफिसच्या नोटीससारखा होतो. 'मी थकलेय' यावर दादा वाद घालू शकत नाही. 'तुला काही पडलेलं नाही' यावर रात्रभर घालू शकतो. आणि हा मेसेज ग्रुपवर टाकायचा नाही, फक्त दादाला, कारण मावशी-काकांसमोर कुणीही आधी स्वतःची लाज वाचवतो.

दादाचं उत्तर आलं, 'बघतो.' एवढंच. बाईंचा मला फोन, की आता तो मोठाच पाठवते, हा माणूस त्याच लायकीचा आहे. हा टप्पा जवळपास प्रत्येक केसमध्ये येतो, छोटा मेसेज पाठवला म्हणजे समोरचा लगेच विरघळेल अशी आतून अपेक्षा असते आणि तसं होत नाही. मी म्हटलं, मुदत उद्या रात्रीची दिलीये ना, ती उलटू द्या. उलटली. मग एकच ओळ गेली: 'दादा, तुझं काही कळलं नाही, मी सोमवारपासून बाई ठरवतेय, अर्ध्या पैशांचं तुला कळवते.' त्यावर त्याचा फोन आला. पहिल्या आठवड्यात आला नाहीच तो, पण पैसे दिले, आणि दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी दोन दिवस येऊन राहिला. बाईंचं पूर्ण समाधान झालं असं मी म्हणणार नाही. वडिलांच्या वेळचा विषय बाकी होता, तो दादा आल्यावर समोरासमोर निघाला, रडारडही झाली, पण तो मेसेजमध्ये मावणारा विषय नव्हताच.

हे सगळ्यांना लागू नाही, तेही सांगते. काही जण मुळातच गिळणारे असतात. त्यांचा ड्राफ्ट पहिल्या रात्री चार ओळींचा असतो, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी 'जाऊ दे, काही नाही'. अशांना मी कापायला सांगतच नाही, उलट पाठवायची तारीख ठरवून घेते. तोच ड्राफ्ट तीन-चार दिवस तसाच पडून असेल तर ते थंड करणं नाही, टाळणं आहे.

आणि समोरचा माणूस धमक्या देणारा, हात उचलणारा असेल तर वरचं काहीच वापरू नका. तिथे मेसेज नरम करायचा की कडक हा प्रश्नच नसतो, आधी तुम्ही सुरक्षित आहात का ते बघायचं. राग काढलेला मेसेज तिथे तुमच्यावरच उलटू शकतो. जे घडलं ते तारीख-वेळेसकट लिहून ठेवा, त्याचे मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट विश्वासातल्या माणसाकडे ठेवा, आणि उत्तर द्यायचं की नाही हे एकट्याने रात्री ठरवू नका, वकील किंवा समुपदेशकाशी बोलून ठरवा.