तार्गूममधली जादा वाक्यं: काइन हाबेलला काय म्हणाला?

प्रश्न: हिब्रू बायबलच्या तार्गूममध्ये, म्हणजे प्राचीन अरामी रूपांतरात, मुळात नसलेली वाक्यं असतात म्हणे. मग त्याला भाषांतर म्हणायचं की टीका? आणि भर कुठली, हे ओळखायचं कसं?

‘उत्पत्ती’ 4:8 घ्या. देवाने हाबेलचं अर्पण स्वीकारलं, काइनचं नाही, त्यानंतरची ही ओळ. हिब्रूत एवढंच आहे: “काइन आपला भाऊ हाबेल याला म्हणाला. आणि ते शेतात असताना काइन हाबेलवर उठला आणि त्याने त्याला मारलं.” म्हणाला काय, ते नाहीच! ग्रीक, सिरियाक आणि शोमरोनी पाठांत “चल, शेतात जाऊ” असं वाक्य आहे. ते मुळातूनच गळलं की मागाहून घातलं गेलं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

ओंकलोसचा तार्गूम ही जागा मोकळीच ठेवतो. नेओफिती तार्गूम मात्र “चल, शेतात जाऊ” म्हणून थांबत नाही, तिथे दोघा भावांचा वाद रंगवतो. काइन म्हणतो, जग दयेने चालत नाही, न्यायात पक्षपात आहे, नाहीतर तुझंच अर्पण का स्वीकारलं गेलं? हाबेल म्हणतो, माझी कर्मं तुझ्याहून चांगली होती म्हणून. मग काइन न्याय, न्यायाधीश आणि परलोक सगळंच नाकारतो. (या हस्तलिखिताची ओळख व्हॅटिकनच्या ग्रंथालयात 1956 साली स्पॅनिश अभ्यासक दिएथ माचो यांना पटली.)

ही भर तार्गूम सोडून कुठल्याही दुसऱ्या प्राचीन भाषांतरात नाही, म्हणून ती तार्गूमकारांची. ओळखायला सोपी आहे, कारण वाद काढून टाकला की मागेपुढे बहुतेक हिब्रूतलेच शब्द, त्याच क्रमाने उरतात. माझ्या मते हे भाषांतरच आहे, पोटात टीका घेतलेलं. ज्यूंच्या प्रार्थनास्थळात तोराची, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांची, एक ओळ हिब्रूत वाचली जाई, मग मेतुर्गमान, म्हणजे दुभाषा, ती अरामीत सांगे, तीही तोंडी, समोर कागद न धरता. मूळ आत्ताच कानावर पडलेलं असल्यामुळे गफलत होत नसे.

खरी पंचाईत होते ती ‘शब्दशः’ म्हणून नावाजलेल्या ओंकलोसची. दोनच ओळी पुढे, 4:10 मध्ये, हिब्रूत देव काइनला म्हणतो, “तुझ्या भावाच्या रक्तांचा आवाज जमिनीतून मला हाक मारतो आहे.” रक्त इथे अनेकवचनी, ‘दमे’. ओंकलोस लिहितो: “तुझ्या भावापासून पुढे निपजणार होत्या त्या बीजांच्या रक्ताचा आवाज जमिनीतून माझ्यापुढे गाऱ्हाणं मांडतो आहे.” म्हणजे मारला गेला तो एकटा हाबेल नव्हे, त्याचे न जन्मलेले वंशजही. भर जेमतेम चार शब्दांची, पण ती उचलून काढली तर हिब्रू परत मिळत नाही. ‘रक्त’ आता एकवचनी झालंय आणि अनेकवचन ‘बीजां’वर सरकलंय. शिवाय ‘मला’चं ‘माझ्यापुढे’ झालं आहे, देवाविषयी बोलताना तार्गूम अदबीने असं अंतर राखतो.

म्हणून ओंकलोस वाचताना नुसती लांबी मोजू नका, एकेका शब्दाचं वचन आणि विभक्ती हिब्रूशी ताडून पाहा.