डब्यावरचं '४०' आणि परभणीचा उन्हाळा

सर, १५डब्ल्यू-४० म्हणजे थंडीत पंधरा आणि गरम झाल्यावर चाळीस, असं दुकानदार सांगतो. मग तापल्यावर ऑइल घट्ट होतं की काय? (जालना)

नाही हो. कुठलंही ऑइल तापलं की पातळच होतं. जानेवारीत पहाटे इंजिन ऑइलची दांडी बाहेर काढा, थेंब काकवीसारखा ओघळतो, लवकर तुटत नाही. तीच गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आणा, पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा दांडी काढा. आता ऑइल टपटप गळतं.

घोळ होतो तो दोन आकडे एकाच पट्टीवर मोजले आहेत असं समजल्यामुळे. पट्ट्या वेगळ्या आहेत. डब्ल्यू म्हणजे विंटर. १५डब्ल्यू हा फक्त गारठ्यातला शेरा आहे: उणे २० अंशांना इंजिन फिरवताना ऑइल ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त अडवणार नाही आणि उणे २५ अंशांनाही पंप ते ओढू शकेल. ५डब्ल्यूची हीच परीक्षा उणे ३० आणि उणे ३५ अंशांवर होते. म्हणून आकडा जितका लहान, तितका गारठ्यात प्रवाही.

दुसरा आकडा १०० अंशांवर मोजलेला असतो. ऑइलचा दाटपणा सेंटिस्टोकमध्ये मोजतात, साधं पाणी साधारण १ सेंटिस्टोक धरा. १०० अंशांवर १२.५ ते १६.३ च्या दरम्यान भरलं की ते '४०', आणि ९.३ ते १२.५ च्या दरम्यान भरलं की '३०'.

आता एखादं सर्वसाधारण १५डब्ल्यू-४० घेऊ. १०० अंशांवर ते १४.५ सेंटिस्टोक असेल आणि ४० अंशांवर ११०. या दोन आकड्यांवरून हिशेब मांडला तर पहाटेच्या ८ अंशांवर ते सातशेच्या पुढे जातं. म्हणजे तेच ऑइल सकाळी तापलेल्या इंजिनातल्यापेक्षा पन्नासपट दाट! डब्यावर एकच आकडा असलेलं, जुन्या पद्धतीचं सिंगल ग्रेड ४० घेतलं तर १०० अंशांवर तेवढंच, पण ८ अंशांवर तेराशेच्या आसपास. दोन आकड्यांच्या मल्टिग्रेडने कमावलंय ते एवढंच. तापमान बदललं तरी त्याचा दाटपणा कमी बदलतो.

हे साधतं कसं? मुळात पातळ ऑइल घेतात आणि त्यात पॉलिमर मिसळतात. गारव्यात पॉलिमरचे लांब रेणू आकसून गोळा झालेले असतात, त्यामुळे आड येत नाहीत. तापले की उलगडतात आणि ऑइलला आणखी पातळ होऊ देत नाहीत. पण हे रेणू बेअरिंगच्या आणि गिअरच्या दातांच्या कात्रीत चिरडले जातात, म्हणून वापरलेलं ४० हळूहळू ३० च्या हद्दीत उतरू शकतं. ऑइल बदलायला सांगतात त्यामागे काळेपणा हेच एक कारण नसतं.

उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसवर जातो. कारच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलंय, पण आमचे मिस्त्री म्हणतात आपल्याकडच्या उन्हात त्याचं पाणी होतं, २०डब्ल्यू-५० टाका. (परभणी)

मिस्त्रींचा अनुभव खोटा नाही, पण तो बहुतेक जुन्या, एअरकूल्ड गाड्यांचा आहे. तिथे हवा तापली की ऑइलही तापतं. तुमच्या कारला रेडिएटर आणि थर्मोस्टॅट आहे. पाणी नव्वदीच्या आसपास ठेवायचं काम ते बाहेर ८ अंश असोत की ४४, करत राहतात. त्यामुळे बाहेर छत्तीस अंशांचा फरक पडला तरी आत चालत्या गाडीच्या ऑइलमध्ये तेवढा फरक उतरत नाही. ३० चा शेरा १०० अंशांवरच मिळालेला आहे, तेव्हा परभणीच्या उन्हाने त्याचं पाणी होत नाही.

उलट दाट ऑइलचा तोटा पहिल्या मिनिटाला दिसतो. नव्या इंजिनांत बेअरिंगची फट बारीक असते आणि व्हॉल्व्हचं टायमिंगही ऑइलच्या दाबावर हलतं. तिथे दाट ऑइल उशिरा पोहोचतं. पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि गेजवर दाब छान दिसतो, पण दाब म्हणजे प्रवाह नव्हे. मायलेजही थोडं कमी होतं.

पुस्तकात हवेच्या तापमानाप्रमाणे ग्रेडचा तक्ता असेल आणि त्यात ५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४० ची मुभा असेल, तर मोठ्या लोडच्या प्रवासासाठी ते टाकायला माझी हरकत नाही. तक्त्यात नसेल तर ५डब्ल्यू-३० च.

ट्रॅक्टर जुना आहे. दुपारी ऊस ओढून आलो की न्यूट्रलवर ऑइलचा दिवा लुकलुकतो. १५डब्ल्यू-४० काढून सिंगल चाळीस टाकू का? (केज)

त्याने काही मिळणार नाही, आणि कारण वर आलेलंच आहे. १०० अंशांवर दोन्ही '४०' एकाच हद्दीत आहेत. १२० अंशांवर वरच्या हिशेबाने १५डब्ल्यू-४० जेमतेम साडेनऊ राहतं आणि सिंगल चाळीस नऊच्या आसपास. म्हणजे दिवा लुकलुकतो तिथे काही फायदा नाही, आणि पहाटे मात्र जवळपास दुप्पट दाट ऑइल पंपाला ओढावं लागेल.

तेव्हा ऑइल पातळ का झालं किंवा दाब कुठे गळतोय, ते शोधा. सकाळी सपाट जागेवर दांडी पाहा. ऑइल न घालता पातळी वर चढली असेल तर डिझेल चेंबरात उतरतंय. इंजेक्टर गळत असेल, नाहीतर फीड पंपाचं सील गेलं असेल. टीपकागदावर दांडीचा थेंब टाका, तासाभराने मधल्या काळ्या डागाभोवती फिकट, तेलकट वर्तुळ पसरलं तर संशय पक्का. डिझेल मिसळलेल्या ऑइलवर ट्रॅक्टर ओढू नका. आधी गळती काढा, मग ऑइल आणि फिल्टर बदला.

पातळी ठीक असेल तर दिव्यावर विसंबू नका. फिटरकडून सेन्सरच्या जागी साधं गेज लावून घ्या. इंजिन तापलेलं असताना न्यूट्रलला किती आणि ठरलेल्या आरपीएमला किती दाब येतो, ते वर्कशॉप मॅन्युअलच्या आकड्याशी ताडा. दोन्हीकडे कमी येत असेल तर शंका बेअरिंग आणि पंपावर जाते. मागे आमच्या वर्कशॉपमध्ये असाच एक ट्रॅक्टर आला होता. आधी कुणी तरी त्याला २०डब्ल्यू-५० टाकून दिवा शांत केला होता. हंगाम संपेपर्यंत दिवा लागला नाही, पण कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग मात्र क्रँकवर घासून निघालं होतं. दाट ऑइलने फक्त निरोप उशिरा आणला.

कारचं उरलेलं ५डब्ल्यू-३० बाइकमध्ये चालेल? (लातूर)

बाइकच्या पुस्तकात १०डब्ल्यू-३० असेल तर ग्रेड जवळचा वाटतो, पण नाही टाकायचं. बहुतेक गिअरच्या बाइकमध्ये क्लचही त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि कारच्या ऑइलमधली घर्षण कमी करणारी भर त्याला घसरवू शकते. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' असा शिक्का असलेलंच घ्या. गिअर नसलेल्या स्कूटरची गोष्ट वेगळी, तिला पुस्तकात सांगितलेलं द्या.