जाण्याआधी धंतोलीतून एक पत्र आण

प्रतापनगर, नागपूर

प्रिय बेटा,

काल तू आणि तुझी आई येऊन गेलात. सांबारवड्या संपल्या, पण तुझा प्रश्न तसाच राहिला. तू विचारलंस, "मावशी, एच-4 वर अमेरिकेत गेलेल्या बाईला तिथे लॅबमध्ये काम मिळतं का?" मी "मिळतं, पण..." म्हटलं आणि तेवढ्यात दारावर पाहुणे आले. त्या "पण"च्या पुढचं आज लिहिते.

सगळ्यात आधी जावयांना एकच प्रश्न विचार. त्यांच्या कंपनीने ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू केली आहे का आणि त्यातला आय-140, म्हणजे कंपनीने करायचा अर्ज, मंजूर झाला आहे का? एच-4 हा एच-1बी वर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा. त्याचा शिक्का पासपोर्टवर असला तरी त्याने काम करता येत नाही. कामाची परवानगी देणारं वेगळं कार्ड असतं. ते 26 मे 2015 पासून काही एच-4 जोडीदारांना मिळू लागलं आणि ते जवळजवळ पूर्णपणे नवऱ्याच्या त्या आय-140 वर टांगलेलं आहे. (सहा वर्षांपुढे वाढवलेल्या एच-1बी वर असलेल्यांचाही एक रस्ता आहे, पण तुमचं लग्न आत्ता झालंय आणि जावई तिथे दोनच वर्षं आहेत, तेव्हा तो सोड.) आय-140 च्या आधी पर्म नावाची, तिथल्या कामगार खात्याच्या मंजुरीची पायरी असते आणि एकट्या तिलाच वर्षाहून जास्त लागू शकतं. जावई म्हणाले "अजून काही सुरू नाही", तर पहिली दोन-तीन वर्षं पगाराचं काम नाही असं धरून चाल. गेल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. तुझ्या ओळखीची कोणी म्हणेल, "मला तर कार्डच लागलं नाही." ती बहुतेक एल-2 वर असेल, म्हणजे कंपनीने बदलीवर पाठवलेल्याची जोडीदार. त्यांच्या आय-94 वर, म्हणजे देशात शिरल्याच्या नोंदीवर, L-2S असं छापलेलं असतं आणि तेवढ्यावर त्यांना काम करता येतं. तुझं तसं नाही.

आय-140 मंजूर असेल तर अर्ज तिथे पोचल्यावर करायचा, इथून होत नाही. फॉर्म आय-765, आणि त्यात पात्रतेच्या रकान्यात (c)(26) लिहायचं. त्याच फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबरही मागता येतो, तिथे खूण करायला विसरू नकोस, नाहीतर त्या कार्यालयात वेगळा खेटा पडतो. कार्ड आलं की ते कुठल्याही मालकाकडे चालतं.

कार्ड येईपर्यंत काय करायचं नाही ते माझ्याच अनुभवातून सांगते. मी 2004 मध्ये गेले तेव्हा एच-4 ला काम हा विषयच नव्हता. ओळखीतून एका खासगी लॅबमध्ये "शिकायला ये" म्हणून बोलावलं. पगार नाही, म्हणून मला वाटलं अडचणही नाही. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की मी ज्या खुर्चीवर बसून ट्यूबवर बारकोड लावतेय, तिच्यावर आधी एक पगारी मुलगी बसत होती. पगार देऊन करवून घेतात ते काम फुकट केलं तरी ते कामच ठरतं. धर्मादाय संस्थेत, जिथे त्या जागेवर कधीच कोणाला पगार नसतो, तिथली सेवा चालते. मी दुसऱ्याच दिवशी बंद केलं, पण पुढे ग्रीन कार्डाच्या फॉर्ममध्ये "कधी परवानगीशिवाय काम केलंत का" हा प्रश्न वाचताना घाम फुटला होता. तुझ्या धंतोलीच्या लॅबच्या डॉक्टरांनी "तिथून घरबसल्या आमचे रिपोर्ट टाइप कर, पगार इथल्या खात्यात टाकतो" असं म्हटल्याचं तू काल हसत सांगितलंस. पैसे रुपयांत आणि नागपूरच्या बँकेत आले तरी काम करणारी तू अमेरिकेत बसलेली असशील. ते घेऊ नकोस. शिकायला मात्र एच-4 वर पूर्ण मुभा आहे आणि परीक्षेला बसायलाही.

आता अनुभवाचं. तुझं बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, डीएमएलटी आणि साडेचार वर्षांचं काम. लॅबमध्ये कोणाला काय करू द्यायचं हे तिथे क्लिया नावाचा 1988 चा कायदा ठरवतो. तपासण्यांची गुंतागुंत जितकी जास्त, तितकं शिक्षण जास्त लागतं आणि परदेशी शिक्षण असेल तर त्याचं मूल्यांकन तिथल्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. त्यावर काही राज्यं स्वतःचा परवाना मागतात. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, फ्लोरिडा ही त्यातली. तुम्ही टेक्सासला चाललात हे तुझं नशीब, तिथे लॅबवाल्यांना राज्याचा परवाना लागत नाही. पण बहुतेक रुग्णालयं लॅबवाल्यांची परीक्षा घेणाऱ्या एएससीपी या संस्थेचं प्रमाणपत्र मागतात.

एएससीपी भारतातला अनुभव धरते, पण कुठल्याही लॅबमधला नाही. लॅबला आयएसओ 15189 या दर्जाच्या मानकाची मान्यता असली तर चालतं आणि आपल्याकडे एनएबीएल ही संस्था मेडिकल लॅबना देते ती तीच. म्हणजे तुझ्या लॅबच्या रिसेप्शनवर काचेच्या चौकटीत लटकलेला तो कागद, ज्याच्या ऑडिटच्या आदल्या रात्री तुम्ही सगळ्या रजिस्टरं पूर्ण करत बसायच्या, तोच तुझ्या अनुभवाला वजन देणार आहे.

माझ्याकडे शिकलेली एक मुलगी तुझ्यासारखीच टेक्सासला गेली. बी.एस्सी., डीएमएलटी, पाच वर्षं अनुभव. तिने तिथे गेल्यावर सगळं सुरू केलं आणि तीन ठिकाणी अडकली.

पहिलं, पदवी. मूल्यांकन करणाऱ्या संस्था अनेक आहेत आणि आपल्या तीन वर्षांच्या बी.एस्सी.कडे त्या सारख्या नजरेने बघत नाहीत. कोणी ती पूर्ण पदवी धरतं, कोणी "तीन वर्षांचं शिक्षण" एवढंच लिहितं. तिच्या कागदावर दुसरं आलं. त्यामुळे टेक्नॉलॉजिस्टची, म्हणजे एमएलएसची परीक्षा तिच्यासाठी बंद झाली आणि एक पायरी खालच्या एमएलटीला बसावं लागलं. तू पैसे भरण्याआधी दोन गोष्टी बघ: ती संस्था एएससीपीच्या यादीत आहे का, आणि तीन वर्षांच्या भारतीय पदवीचं ती काय करते हे ईमेलने विचार. उत्तर लेखी घे.

दुसरं, नाव. हे आपल्या मराठी पोरींचंच दुखणं. गुणपत्रिकेवर माहेरचं आडनाव आणि वडिलांचं नाव, पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. तिकडच्या माणसाला या दोन वेगळ्या बायका वाटतात. तिची फाइल यातच दोन महिने पडून राहिली, कारण लग्नाचा दाखला नागपुरात कपाटात होता. तू महापालिकेतून दाखला काढ आणि त्यावर तुझं आधीचं पूर्ण नाव नीट आहे ना ते अक्षर-अक्षर ताडून बघ.

तिसरं सगळ्यात महाग पडलं. तिच्या पाच वर्षांतलं पहिलं वर्ष एका कलेक्शन सेंटरवजा लॅबमध्ये गेलं होतं, तिला मान्यता नव्हती. ते वर्ष गेलं. उरलेल्या चार वर्षांचं तिच्याकडे पत्र होतं, पण कसं? "कुमारी अमुक यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले असून त्यांच्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा." त्या शुभेच्छांचा तिथे काडीचा उपयोग नाही. त्यांना लागतं ते असं: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, पूर्णवेळ की अर्धवेळ, आणि कुठल्या विभागांत काम केलं. रक्तपेढी, बायोकेमिस्ट्री, हिमॅटॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, इम्युनॉलॉजी, लघवी तपासणी, असं एकेक नाव घेऊन. एएससीपीचा स्वतःचा अनुभवाचा फॉर्म असतो, तो वरिष्ठाने भरून सही करायचा आणि सोबत लॅबच्या लेटरहेडवर "हा फॉर्म आम्हीच भरला" असं पत्र द्यायचं. तोवर तिच्या मॅनेजर बाई नोकरी सोडून पुण्याला गेल्या होत्या. फोनवर फोन करून अखेर ते झालं, पण साडेचार महिने गेले. तुझ्या मॅनेजर अजून रामदासपेठेतून रोज स्कूटीने येतात. त्यांना पुढच्या आठवड्यात गाठ.

मधल्या काळात तिचं कार्ड आलं आणि तिने सॅम्पल स्वीकारून नोंद करायच्या विभागात रात्रपाळी धरली. त्या कामाला बारावीएवढं शिक्षण पुरतं आणि भारतातला अनुभव बघून त्यांनी पटकन घेतलं. काहीजणी त्याला हलकं म्हणतात. मला ते पटत नाही. त्या सात महिन्यांत तिला त्यांची भाषा आली. आपण ज्याला ईक्यूएएस म्हणतो त्याला ते प्रोफिशियन्सी टेस्टिंग म्हणतात. आपण "प्लेटलेट अडीच लाख" म्हणतो, ते "टू फिफ्टी" म्हणतात, आणि मुलाखतीत लाख म्हटलं की समोरचा गोंधळतो. मशिनं मात्र तीच, सिसमेक्स, कोबास. म्हणून तुझ्या रेझ्युमेत मशिनचं नाव, मॉडेल, रोजचे नमुने आणि क्यूसीचे चार्ट तू स्वतः बघत होतीस का, एवढं लिही. परीक्षा तिने याच काळात दिली, पास झाली आणि त्याच रुग्णालयात प्रत्यक्ष तपासण्यांच्या बाकावर आली.

मग कार्डाची मुदत. ती नवऱ्याच्या आणि तुझ्या एच मुदतीपुढे जात नाही. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी 180 दिवसांपासून करता येतो. पूर्वी अर्ज पडून राहिला तर जुनं कार्ड आपोआप काही काळ चालायचं. 30 ऑक्टोबर 2025 पासून केलेल्या अर्जांना ती सोय नाही. नवीन कार्ड हातात नसेल तर जुन्याच्या शेवटच्या तारखेनंतर कामावर जायचं नाही, मॅनेजर कितीही गळ घालो. जावयांच्या मुदतवाढीचा अर्ज लवकर लागला तरच तुझाही लवकर लागेल, तेव्हा दोघांच्या तारखा एकाच कॅलेंडरवर लिहा.

लॅबकडून एनएबीएल प्रमाणपत्राची प्रतही माग आणि त्याची तपासण्यांची यादीही, कारण तुझ्या वर्षांत मान्यता चालू होती हे तारखेने दिसायला हवं. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्टचे दोन संच सीलबंद काढ, तिथून एक मागवायला किती फेऱ्या होतात ते तुझ्या बाबांना विचार.

मी तुझ्या मॅनेजरबाईंसाठी पत्राचा मसुदा लिहून ठेवते. रविवारी सकाळी ये, ऊन चढायच्या आत. येताना गुणपत्रिका आणि लग्नाचा दाखला घेऊन ये.

तुझी,
मावशी